निरोपाची परीक्षा पुढच्या खरिपात

अकोला हे बियाण्यांचे शहर आहे. महाबीजचे मुख्यालय 1976 पासून इथे आहे, राज्याच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेचे मुख्य कार्यालय इथे आहे आणि त्याही आधी, 1969 साली, पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ इथेच उभे राहिले. या विद्यापीठाच्या अमरावतीच्या केंद्रातून सोयाबीनचे वाण निघाले. या संस्थांच्या आसपास खासगी बियाणे कंपन्या वाढल्या, आणि त्यांच्यासाठी खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांच्या वावरात बियाणे तयार करून घेणाऱ्या बीजोत्पादन अधिकाऱ्यांची एक पिढीही तयार झाली. ही मंडळी नोकऱ्या बदलतात. पगार वाढतो, घराजवळची जागा मिळते किंवा वरच्याशी पटत नाही. राजीनामा मात्र पिकाचे वेळापत्रक पाहून दिला जात नाही. पेरणी एकाने केलेली, सोंगणी दुसऱ्याच्या देखरेखीत आणि विक्री तिसऱ्याच्या काळात, असे सर्रास घडते.

नोटीस पिरियडमध्ये आपण जे हँडओव्हरचे टिपण लिहितो, त्याची खरी किंमत या धंद्यात फार स्वच्छ दिसते. आपल्याविषयीचे मत निरोपाच्या दिवशी ठरते असे बहुतेकांना वाटते. शाल, श्रीफळ, दोन चांगले शब्द, सगळ्यांशी हसून बोलणे, झाले. बियाण्याच्या कामात ते मत आठ-नऊ महिन्यांनी ठरते. मृगाचा पाऊस पडतो, बियाणे जमिनीत जाते आणि मग ते उगवते किंवा उगवत नाही. तोवर तुम्ही दुसऱ्या कंपनीत रुळलेले असता. तुमच्या जागी बसलेल्या माणसाला त्या दिवशी उत्तर देता आले, तर तुमचे नाव चांगले राहते. म्हणूनच माझे म्हणणे असे, की हँडओव्हरमध्ये सगळ्यात आधी ते लिहावे जे यापुढे कुठेही दिसणार नाही. जे फायलीत आहे किंवा उद्याही डोळ्यांना दिसणार आहे, ते मागून लिहिले तरी चालेल.

हे म्हणण्यामागे एक मोठा अनुभव आहे. 2020 च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारींचा ढीग लागला. महाबीजसह अनेक कंपन्यांच्या बियाण्यांविषयी या तक्रारी होत्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. या अपयशाचे मोठे कारण आदल्या वर्षीच्या सोंगणीत सांगितले गेले. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाने उभे पीक आणि कापून ठेवलेल्या गंज्या भिजवल्या होत्या. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्याच्या अगदी लगत असतो. शेंगेत भिजून पुन्हा वाळलेला दाणा वरून ठीक दिसू शकतो, पण त्याची उगवणशक्ती खालावलेली असते आणि साठवणुकीत ती आणखी घटत जाते. तक्रार आली की तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येते, पंचनामा करते आणि पिशवीवरचा लॉट क्रमांक विचारते. तिथून प्रश्न मागे मागे जातात. हा लॉट कोणत्या शेतकऱ्यांच्या मालातून बांधला? त्यांच्यापैकी कोणाची गंजी भिजली होती? ती बाजूला काढली होती का? ज्याने ती गंजी पाहिली तो माणूस मधल्या काळात नोकरी सोडून गेला असेल आणि त्याने लिहून ठेवले नसेल, तर या प्रश्नाला उत्तर नसते. प्रयोगशाळेचा दाखला त्या दिवशीची उगवण सांगतो, दाण्याने आधी काय सोसले ते सांगत नाही.

हँडओव्हरच्या नावाखाली आपल्याकडे बहुतेक वेळा जे होते, त्याला सरकारी कचेऱ्यांत ‘चार्ज देणे’ म्हणतात. किल्ल्या, शिक्के, नोंदवह्या, जडसंग्रह, शिल्लक रक्कम यांची यादी होते, देणारा आणि घेणारा सह्या करतात. ही पद्धत आवश्यक आहे आणि ती मोडू नये. तिचा हेतू मात्र मर्यादित आहे. उद्या एखादी वस्तू हरवली तर जबाबदार कोण, एवढेच ती ठरवते. जाणाऱ्याला मोकळे करण्यासाठी ती आहे, येणाऱ्याला काम करता यावे म्हणून नाही. खासगी कंपन्यांत या यादीची एक्सेल शीट झाली. शेतकऱ्यांची नावे, क्षेत्र, वाण, पेरणीची तारीख, दिलेले बियाणे, येणे बाकी असे रकाने भरले की हँडओव्हर झाले असे मानले जाते. हे सारे कार्यालयात आधीच असते. प्रमाणीकरणासाठी नोंदणी करतानाच मूळ बियाण्याचे टॅग, बिले आणि शेतकऱ्याचा तपशील दिलेला असतो, आणि 2023 पासून केंद्राच्या ‘साथी’ पोर्टलवरून बियाण्याचा माग ठेवण्याचे कामही सुरू झाले आहे. तोच मजकूर पुन्हा उतरवण्यात नोटीसचे दिवस घालवणे म्हणजे सगळ्यात मोलाचा वेळ सगळ्यात सोप्या कामाला देणे.

आता एक कल्पित, पण या भागात कोणालाही ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेऊ. एका अधिकाऱ्याकडे मूर्तिजापूर, दर्यापूर आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांत सोयाबीनचा प्रमाणित बीजोत्पादन कार्यक्रम आहे. वाण जेएस-335, पेरण्या जूनच्या शेवटच्या आठवड्यातल्या. त्याने 16 ऑगस्टला राजीनामा दिला, शेवटचा दिवस 15 सप्टेंबर. हे वाण साधारण 95 ते 100 दिवसांचे, म्हणजे सोंगणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात होणार. नवा माणूस सप्टेंबरच्या सुरुवातीला रुजू होतो. तो वावरात पाऊल ठेवतो तेव्हा फुले गळून गेलेली असतात आणि शेंगा भरत असतात.

इथेच पहिली गोष्ट कायमची हातून जाते. जेएस-335 चे फूल जांभळे असते. त्यात पांढऱ्या फुलांचे झाड दिसले की ते दुसऱ्या वाणाचे, हे कोणीही ओळखू शकतो, आणि भेसळ काढण्याची सगळ्यात सोपी वेळ तीच असते. हा काळ थोड्याच दिवसांचा असतो. फुले गेल्यावर शेंगेवरची लव, झाडाची ठेवण, पक्व होण्याचा काळ यांवरून भेसळ ओळखावी लागते. ते अवघड आहे आणि चुकते. कोणत्या वावरात, कोणत्या कोपऱ्यात पांढरी फुले जास्त होती, हे फक्त जाणाऱ्या माणसाने पाहिलेले असते. क्षेत्र तपासणीच्या अहवालात ‘भेसळ मर्यादेत’ एवढेच लिहिलेले असते, कोपरा लिहिलेला नसतो.

म्हणून या माणसाच्या टिपणात एका प्लॉटची नोंद साधारण अशी असायला हवी:

“प्लॉट 17, नांदगाव खंडेश्वर. 9 ऑगस्टला पांढऱ्या फुलांची झाडे उपटली. बहुतेक नैर्ऋत्य कोपऱ्यात, विहिरीजवळ होती. गेल्या वर्षी तिथे दुसऱ्या वाणाची गंजी होती, त्यातला दाणा उगवला असावा. दुसऱ्या तपासणीआधी हा कोपरा पुन्हा फिरून पाहावा. उत्तरेच्या धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचे वेगळे वाण आहे. अंतर दीड मीटरच होते, म्हणून आमच्या चार ओळी पहिल्या तपासणीआधी उपटल्या. शेजाऱ्याचे पीक आठ-दहा दिवस आधी येईल आणि दोघांकडे एकच थ्रेशर येतो. आमची मळणी सुरू होण्याआधी थ्रेशर पूर्ण झाडून घ्यावा आणि पहिला माल बियाण्यात घेऊ नये.”

या नोंदीत काय आहे ते पाहा. सोयाबीनसाठी विलगीकरण अंतर 3 मीटर लागते. 45 सेंटिमीटरच्या चार ओळी काढल्या की दीड मीटरमध्ये 1.8 मीटरची भर पडते आणि अट पूर्ण होते. नव्या माणसाने सप्टेंबरमध्ये तो मोकळा पट्टा पाहिला तर त्याला वाटेल, इथे पेरणी फसली. कारण माहीत नसेल तर पुढच्या वर्षी त्याच वावरात तो धुऱ्यापर्यंत पेरू देईल. निर्णय डोळ्यांना दिसतो, निर्णयाचे कारण दिसत नाही. म्हणून टिपणात प्रत्येक निर्णयाच्या शेजारी त्याचे कारण हवे. थ्रेशरचे वाक्य तर त्याहून महत्त्वाचे. सोयाबीनमध्ये परागीकरण फुलातच होत असल्याने वावरात मिसळ होण्याची भीती कमी असते. खरी मिसळ खळ्यावर होते. आधीच्या मालाचा दाणा थ्रेशरच्या पोटात राहतो आणि पुढच्या पोत्यात पडतो. शेजाऱ्याचा आणि आपला थ्रेशर एकच आहे हे कोणत्याही रजिस्टरात नसते. ते गावात बसून, चहा पिताना कळलेले असते.

दुसरी नाहीशी होणारी गोष्ट म्हणजे तोंडी दिलेला शब्द. बीजोत्पादन कराराच्या कागदावर चालते, पण वऱ्हाडातल्या गावात ते शब्दावर टिकते. एखाद्या शेतकऱ्याला अधिकाऱ्याने बांधावर सांगितलेले असते, “भाऊ, तुमचा माल पहिल्या फेरीत उचलतो.” दुसऱ्याला सांगितलेले असते की पायवाट चिखलाची आहे, गाडी वावरापर्यंत पाठवू. तिसऱ्याला वाटते की कच्चे बियाणे उचलल्यावर आठवड्यात आगाऊ रक्कम मिळणार, कारण तसे बोलणे झाले होते. कार्यालयाने यातले काहीच मंजूर केलेले नसते. नवा माणूस ऑक्टोबरमध्ये जातो, शेतकरी म्हणतो, “तुमच्या आधीच्या सायबानं सांगितलं होतं,” आणि याला खरे-खोटे करता येत नाही. तो नाही म्हणाला तर कंपनीचा शब्द खाली पडतो, हो म्हणाला तर त्याच्या हातात नसलेली गोष्ट तो कबूल करतो. चिडलेला शेतकरी आपले चांगले बियाणे सरळ बाजार समितीत नेऊन धान्य म्हणून विकून मोकळा होतो, आणि मग कार्यक्रमाचे आकडे कोसळतात.

यासाठी टिपणात एक स्वतंत्र पान हवे. त्यात कोणाला, कोणत्या दिवशी, काय सांगितले आणि त्यातले कार्यालयाने काय मान्य केले आहे, हे ओळीने लिहावे. जे मान्य नाही त्यापुढे स्पष्ट लिहावे, “मी तोंडी बोललो, मंजुरी नाही.” हे लिहायला जड जाते, कारण त्यात आपण अधिकाराबाहेर बोललो ते उघड होते. पण नोटीसच्या काळात यावर एक उपायही हाती असतो, जो नंतर नसतो. ज्या शब्दांना मंजुरी मिळू शकते त्यांना ती मागून घेता येते, आणि ज्यांना मिळणार नाही त्या शेतकऱ्याला स्वतः जाऊन सांगता येते की हे जमणार नाही. ते ऐकून शेतकरी नाराज होतो. पण नाही ज्याने बोलायला हवे त्यानेच बोललेले असते, आणि ही गोष्ट तो विसरत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे वाईट बातमी. प्रत्येक कार्यक्रमात दोन-चार प्लॉट असे असतात की ज्यांच्याबद्दल मनात खात्री नसते. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात काळी जमीन पावसानंतर पाणी धरून बसते. तिथे सोंगणी लांबते आणि शेंगा ओल्या राहतात. एखाद्याने पहिल्या वेळी भेसळ नीट काढली नाही, एखाद्या गावात तपासणीच्या दिवशी शेतकरी हजर नव्हता. जाणाऱ्याला वाटते, जाताना कशाला वाईट लिहायचे, चांगली छाप पडू दे. हा हिशेब उलटा आहे. लपवलेला अशक्त प्लॉट ऑक्टोबरमध्ये किंवा पुढच्या जूनमध्ये उघडा पडतोच, आणि तेव्हा त्याच्यासोबत तुमचा लपवाछपवीचा इतिहासही उघडा पडतो. आधी सांगितलेला अशक्त प्लॉट मात्र वेळेवर वेगळा करता येतो. त्याचा माल स्वतंत्र लॉटमध्ये ठेवता येतो, चांगल्या मालात मिसळू दिला जात नाही, नमुना आधी काढून उगवण पाहता येते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान 70 टक्के उगवण लागते, ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. उगवणीच्या चाचणीला आठवडाभर पुरतो. एक अशक्त माल चांगल्या मालात मिसळला तर अख्खा लॉट नापास होतो. वेगळा ठेवला तर नुकसान त्या एका वावरापुरते राहते. टिपणातल्या एका खऱ्या वाक्याने हा फरक पडतो.

वाईट बातमी लिहिण्याचीही रीत आहे. काय दिसले, कोणत्या तारखेला दिसले, त्यावर काय केले, काय राहिले आणि पुढे कधी पाहावे, एवढेच लिहावे. दोष कोणाचा ते लिहू नये. ‘अमुक शेतकरी बेभरवशाचा आहे’ हे वाक्य नव्या माणसाच्या काहीच उपयोगाचे नाही, शिवाय ते वर्षानुवर्षे फायलीत राहून एखाद्या माणसाचे नुकसान करते. ‘दोन वेळा सांगूनही पश्चिमेकडची भेसळ काढली नव्हती, तिसऱ्या वेळी समोर उभे राहून काढून घेतली’ हे वाक्य उपयोगाचे आहे, कारण त्यातून पुढे काय करायचे ते कळते.

टिपण पूर्ण झाले की नाही हे लिहिणाऱ्याला कळत नाही, कारण त्याच्या डोक्यात सगळेच असते. ते तपासण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे आणि तो नोटीसचे दिवस संपायच्या आत वापरावा लागतो. पहिल्या दोन आठवड्यांत टिपण लिहून काढावे, आधी नाहीसे होणारे, मग उरलेले. तिसऱ्या आठवड्यात नव्या माणसाला सोबत नेऊन मोठ्या बीजोत्पादकांची ओळख करून द्यावी. ही ओळख कागदावर होत नाही. शेवटच्या आठवड्यात त्याला एकट्याला टिपण घेऊन पाठवावे आणि आपण कार्यालयात बसावे. तो जितक्या वेळा फोन करेल, तितक्या ओळी टिपणात कमी आहेत. प्रत्येक फोननंतर ती ओळ लिहावी. त्याला नुसते फोनवर उत्तर देऊन सोडून दिले, तर ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा तुम्हालाच फोन करेल, आणि तेव्हा तुम्ही नव्या कंपनीच्या कामात असाल.

बऱ्याचदा नवा माणूस येतच नाही. जागा भरायला कंपनीला दोन महिने लागतात. तेव्हा टिपण वरिष्ठाच्या नावे, तारखेसह, ईमेलने द्यावे आणि एक छापील प्रत कार्यालयात ठेवावी. सोबत क्षेत्र सहायकाला बसवून प्लॉटवार वाचून दाखवावे, कारण मधल्या काळात गावात तोच जाणार असतो. पोर्टलची आणि ईमेलची प्रवेशखाती कंपनीच्या माणसाच्या नावे करून द्यावी, पासवर्ड टिपणात लिहू नये. शेतकऱ्यांची यादी आणि फोन क्रमांक कंपनीकडे सोपवावेत आणि स्वतःसोबत नव्या नोकरीत नेऊ नयेत. हँडओव्हरचा हा भाग लोक सर्वात सहज मोडतात. पण शेतकऱ्याने तो नंबर एका कामासाठी दिला होता, तुमच्या पुढच्या मालकासाठी दिला नव्हता.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, आणि तो मानी माणसांकडून येतो. बारा वर्षे फिरून जे कळले ते चार पानांत देऊन टाकले तर आपली किंमत काय राहिली? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, पण तो चुकीच्या जागी उभा आहे. या माणसाची किंमत प्लॉट 17 चा कोपरा माहीत असण्यात नाही. पांढरे फूल पाहून थांबावे, शेजाऱ्याचा थ्रेशर विचारावा, चार ओळी उपटण्याचा वाईटपणा घ्यावा, या नजरेत ती आहे. ती नजर चार पानांत जात नाही, ती त्याच्यासोबतच पुढच्या नोकरीत जाते. कागदावर जातो तो एका हंगामाचा तपशील, आणि तो तपशील हंगाम संपला की त्याच्याही कामाचा राहत नाही. तो रोखून धरल्याने त्याला काही मिळत नाही. मागे राहिलेल्या माणसाचा आणि शेतकऱ्याचा मात्र खरा तोटा होतो.

दुसरा आक्षेप असा की कंपनी आपल्याशी बरी वागली नाही, मग आपण का? अशा वेळी टिपण कंपनीसाठी लिहू नये. ज्या शेतकऱ्यांनी तुमच्या शब्दावर वावर दिले, त्यांच्यासाठी लिहावे. भिजलेली गंजी लपली तर त्या बियाण्याची पिशवी पुढच्या जूनमध्ये तिसऱ्याच तालुक्यातला कोणी तरी कर्ज काढून विकत घेणार आहे. त्याचा पाऊस वाया जातो, दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो, आणि तो तुमचे नावही जाणत नाही. चांगल्या निरोपाचे सगळ्यात मोठे देणे त्या अनोळखी माणसाचे असते.

टिपणाला मर्यादाही आहेत, त्या मान्य केल्या पाहिजेत. ऑक्टोबरचा पाऊस ते थांबवत नाही. नव्या माणसाने ते वाचलेच नाही तर ते फायलीत पडून राहते. वरिष्ठांनी अशक्त प्लॉट मुद्दाम चांगल्यात मिसळायचे ठरवले तर टिपण ते रोखू शकत नाही, फक्त त्याची नोंद ठेवते. तरीही 2020 सारखे वर्ष पुन्हा आले आणि समिती लॉट क्रमांक घेऊन दारात उभी राहिली, तर ती नोंदच खऱ्या उत्तराची पहिली पायरी ठरते.

म्हणून बियाणे कंपन्यांनी हा भार एकट्या जाणाऱ्यावर टाकू नये. पेरणी ते उचल या काळात राजीनामा आला, तर कमीत कमी एक आठवडा दोन्ही माणसे एकत्र फिरतील अशी सोय करावी, आणि शेवटचा हिशेब चुकता करताना किल्ल्यांच्या यादीसोबत प्लॉटवार टिपणही मागावे. जाणाऱ्याने, वेळ फारच कमी असेल तर, तीनच गोष्टी लिहाव्यात: जे पाहिले आणि आता दिसणार नाही, जे बोललो आणि कागदावर नाही, ज्याची भीती वाटते आणि कोणाला सांगितलेले नाही. बाकी सगळे कार्यालय शोधून काढेल, या तीन गोष्टी मात्र त्याच्याशिवाय कोणीच शोधू शकत नाही.